बर्फातला फोटो, संक्रांतीचं चित्र

समोर एक फोटो ठेवू. कॅनडातलं माँट्रियल शहर, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, दुपारचे बारा. विटांच्या दुमजली घरापुढे एक कुटुंब उभं आहे. आई, बाबा, सात वर्षांची मुलगी आणि बाबांच्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ. मागे घराच्या बाहेरच्या अंगानं वळण घेत वर गेलेला लोखंडी जिना, पायाखाली घोट्यापर्यंत बर्फ, वर लख्ख ऊन. फोटो शेजाऱ्यानं फोनवर काढलेला आहे. यावरून जलरंगात एक शुभेच्छाचित्र करायचं आहे आणि संक्रांतीच्या सकाळी ते मिरजेला आजी-आजोबांकडे पोचायला हवं. आधी फोनवर आणि मग छापील कार्ड म्हणून. बाळाची ही पहिलीच संक्रांत. आजीनं हलव्याचे दागिने घरी करून पार्सलनं पाठवले आहेत, पण ते पोचले फोटो काढल्यानंतर.

सरळ फोटोच का पाठवू नये, असं कोणीही विचारेल. उत्तर फोटोतच आहे. आजी फोन डोळ्यांजवळ नेईल, दोन बोटांनी फोटो मोठा करेल आणि थेट चेहऱ्यांवर जाईल. लेक वाळली आहे का, नात कोणावर गेली, बाळाचे गाल भरलेत का, हे तिला पाहायचं आहे. नेमकं तेच या फोटोत दिसत नाही. चेहरे काळवंडलेले, कपाळं टोप्यांत गेलेली, हनुवट्या मफलरमध्ये. बर्फसुद्धा पांढरा दिसत नाही, भिजलेल्या राखेच्या रंगाचा दिसतो. चित्रकाराचं काम इथे सुरू होतं. फोटोनं दडवलेलं परत उजेडात आणायचं आणि फोटोत जे खरं आहे ते हातचं जाऊ द्यायचं नाही.

बर्फ राखाडी का झाला ते आधी समजून घेऊ, कारण हीच चूक पुढे आणखी एकदा भेटणार आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेवर आणून ठेवतो. ही छटा म्हणजे आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा पृष्ठभाग. झाडं, रस्ते, माणसं, भिंती यांची सरासरी साधारण तिथेच येते, म्हणून एरवी फोटो ठीक येतात. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटतं, प्रकाश फारच झाला. तो फोटो अंधारा करतो, बर्फ करड्यावर येतो आणि बर्फापेक्षा मुळातच गडद असलेले चेहरे आणखी खाली जातात. सावळ्या चेहऱ्यांचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं. आजचे फोन चेहरा ओळखून थोडी दुरुस्ती करतात, पण टोपी, गॉगल, मफलर असले की त्यांनाही चेहरा नीट सापडत नाही.

फोटो अजून काढायचा असेल तर उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावायचं आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण वर सरकवायची. कॅमेऱ्यात तो आकडा असेल तर +१ ते +२ च्या दरम्यान ठेवायचा. शेजाऱ्याला दोन पावलं मागे सरकून थोडं झूम करायला सांगायचं, कारण फोनचं नेहमीचं भिंग रुंद कोनाचं असतं आणि कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला ते आडवं ताणतं. आपल्या फोटोत आई अगदी उजव्या कडेला आहे, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा रुंद दिसते. फोटो जसाच्या तसा गिरवला तर मिरजेहून पहिला प्रश्न काय येईल, हे सांगायला नको.

फोटो काढून झालेला आहे, तेव्हा आपण चित्रातच दुरुस्ती करू. फोनवरच फोटोची उजळता वाढवून एक दुसरी प्रत करायची. मूळ प्रत बर्फातल्या सावल्यांसाठी, उजळलेली प्रत चेहऱ्यांसाठी. उजळलेल्या प्रतीत बर्फ पार पुसून जाईल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. याशिवाय घरातले चार साधे फोटो मागवायचे, खिडकीच्या उजेडात काढलेले, टोपीशिवाय. चेहरेपट्टी या फोटोंवरून कळते आणि पोशाख, उभं राहणं, ऊन बर्फातल्या फोटोवरून कळतं.

आता मांडणी. आजोबा हे चित्र बहुधा सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर पाहणार आहेत. कार्ड ए-फाइव्ह मापाचं, उभं धरलं, तर त्या पडद्यावर ते सुमारे दहा सेंटिमीटर उंच दिसेल. मूळ फोटोत जिना पूर्ण यावा म्हणून शेजारी लांब उभा राहिला आहे. माणसं फोटोच्या उंचीच्या जेमतेम एक तृतीयांश आहेत. म्हणजे पडद्यावर बाबा तीन-साडेतीन सेंटिमीटर आणि त्यांचा चेहरा पाच मिलिमीटरच्याही आत. इतक्या जागेत डोळे म्हणजे दोन ठिपके. चित्रात माणसं कार्डाच्या उंचीच्या सत्तर टक्के करायची. त्यातही, मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी असते, ती आपण साडेपाच डोक्यांवर आणायची. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं अशीच काढलेली असतात आणि त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. आता बाबा पडद्यावर सात सेंटिमीटर आहेत आणि चेहरा बारा-तेरा मिलिमीटर. एवढ्यात हसू दिसतं. गुडघ्याखाली कापून चेहरे याहूनही मोठे करता येतील, पण तसं करू नये. पाय बर्फात रुतलेले दिसले नाहीत तर बर्फ केवळ पांढरी पार्श्वभूमी होऊन बसतो.

माणसं मोठी झाल्यावर मागचं शहर कमी करावं लागतं. काय ठेवायचं? माझं मत ठाम आहे. जिना ठेवायचा, बाकी सगळं सोडायचं. वाहनं, विजेच्या तारा, कचऱ्याचे डबे, शेजारची घरं, काही नको. तयार चित्रांच्या साठ्यातला गाजराच्या नाकाचा हिममानव आणि पाइनची झाडंही नकोत, कारण ती जगातल्या कुठल्याही बर्फाळ गावाला चालतात. बाहेरून चढणारे वळणदार जिने ही माँट्रियलच्या जुन्या वस्त्यांची खूण आहे. दोन-तीन मजल्यांच्या या घरांत प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड असतं आणि वरच्या बिऱ्हाडाला रस्त्यावरून थेट स्वतःच्या दारात जाता यावं म्हणून जिना घराबाहेर. आतली जागाही वाचते. चित्र पाहून आजोबा नक्की विचारतील, की बर्फात बाहेरून जिना कशाला ठेवला, घसरत नाही का? घसरतो. हिवाळ्यात रोज फावड्यानं पायऱ्या साफ कराव्या लागतात. फोनवर पंधरा मिनिटं बोलायला असा जिना पुरतो, पाइनचं झाड पुरत नाही.

रेखाटनासाठी कागद ३०० ग्रॅमचा, खरखरीत पृष्ठभागाचा घ्यावा, म्हणजे दुकानात कोल्ड प्रेस म्हणून मागतो तो. चित्र ए-फोर मापात काढायचं आणि छापताना ए-फाइव्हवर आणायचं. लहान केल्यावर कुंचल्याचे फटकारे बारीक आणि नेटके दिसतात. फोटो ए-फोरवर छापून त्यावर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखायचे. आपल्या कागदावर अगदी फिकट पेन्सिलीनं तेवढेच चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनातली रेघ उतरवायची. माणसं मोठी करायची असल्यामुळे त्यांच्यासाठी चौकोन वेगळे आखावे लागतात: फोटोवर एक सेंटिमीटरचे, कागदावर दोनचे. बर्फाच्या भागातल्या पेन्सिलीच्या रेघा रंगापूर्वीच पुसायच्या. वर पारदर्शक रंग बसला की त्या निघत नाहीत आणि पांढऱ्यावर त्या उठून दिसतात.

बर्फ रंगवण्याबद्दलची मुख्य गोष्ट ही, की तो रंगवायचा नाही. जलरंगात सर्वांत स्वच्छ पांढरा कागदच असतो. जपानी चित्रकार हिरोशिगे यानं तोकाइदो मार्गावरच्या मुक्कामांची जी प्रसिद्ध चित्रमालिका १८३० च्या दशकात केली, तिच्यातल्या कानबारा गावाच्या बर्फाळ रात्रीच्या ठशात छतांवरचा आणि डोंगरावरचा बर्फ म्हणजे न छापलेला कोरा कागद आहे. भोवतालचा करडा आणि काळा छापला, बर्फ आपोआप उरला. आपणही भोवतालच रंगवायचं आहे. जिन्याच्या पायऱ्यांवर आणि कठड्यावर साचलेल्या बर्फाच्या बारीक पट्ट्या रंग देताना वाचवणं अवघड असतं. तिथे मास्किंग फ्लुइड लावायचं. हा पातळ रबरासारखा द्रव वाळला की त्यावरून बिनधास्त रंग देता येतो आणि शेवटी बोटानं चोळून तो काढला की खाली कोरा कागद मिळतो. तो जुन्या कुंचल्यानं लावावा आणि कुंचला आधी साबणात बुडवून घ्यावा, नाहीतर केस कायमचे चिकटतात. कागदावर तो फार दिवस ठेवू नये, उन्हात किंवा हिटरजवळ वाळवू नये. तसं केलं तर निघताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतो.

कोऱ्या कागदाला बर्फाचं रूप येतं ते सावल्यांमुळे, आणि उन्हातल्या बर्फावरच्या सावल्या निळ्या असतात. फोटोत हा निळा दिसतो तेव्हा पुष्कळांना तो कॅमेऱ्याचा दोष वाटतो आणि ते सावल्या करड्या करून टाकतात. निळा खरा आहे. उन्हात असलेल्या बर्फावर सूर्याचा प्रकाश पडतो. सावलीतल्या बर्फाला सूर्य दिसत नाही, तरी वरचं आकाश दिसतं आणि ते निळं आहे. मातीचा रस्ता हा निळा खाऊन टाकतो, बर्फ मात्र जो रंग येईल तो परत देतो. क्लोद मोने यानं १८६८-६९ च्या हिवाळ्यात 'द मॅगपाय' या चित्रात कुंपणाची सावली अशीच निळसर रंगवली. १८६९ च्या पॅरिस सलोंनं ते चित्र नाकारलं. आज ते पॅरिसमधल्या ओर्से संग्रहालयात आहे.

सावलीची लांबी ही आपल्या चित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असं मी म्हणेन. माँट्रियल साधारण साडेपंचेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या आसपास तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून फक्त २१ अंश वर येतो. पाच फूट सात इंच उंचीच्या, म्हणजे १७० सेंटिमीटरच्या बाबांची सावली तेव्हा जवळजवळ साडेचार मीटर पडते. त्याच दिवशी मिरजेत भर दुपारी सूर्य सुमारे ५० अंशांवर असतो आणि तेवढ्याच उंचीच्या माणसाची सावली दीड मीटरच्याही आत राहते. म्हणजे फोटोतली लांबलचक सावली पाहून आजोबांना संध्याकाळ वाटेल. चित्रकारालाही सवयीनं तसंच वाटतं आणि तो आकाशात केशरी घालून बसतो. तसं करू नये. आकाश फिकट, स्वच्छ निळं ठेवायचं आणि सावल्या आहेत तितक्या लांब काढायच्या. चौघांच्या सावल्या बर्फावरून एका बाजूला जातील आणि कार्डाच्या कडेनं कापल्या जातील. जाऊ द्याव्यात. दुपारचं निळं आकाश आणि संध्याकाळची सावली एकत्र दिसली की उत्तरेकडचा हिवाळा दुसरं काही न सांगता कळतो.

सावलीसाठी कोबाल्ट ब्लू भरपूर पाण्यात घ्यायचा, त्यात टोकभर गुलाबी. पायांजवळ कडा धारदार आणि रंग थोडा दाट, लांब जाईल तसा फिकट आणि कडा मऊ. बर्फाच्या चढउतारांवर सावली वाकते. ती सरळ पट्टीनं ओढल्यासारखी काढली तर जमीन फरशी वाटते. पाऊलखुणांच्या खळग्यांत याच रंगाचा आणखी एक हात. एवढ्यावर थांबायचं. जवळजवळ तीन चतुर्थांश बर्फ कोरा राहिला पाहिजे. बर्फ मळका वाटायला लागला तर समजावं की रंग जास्त झाला. त्याला उपाय नाही, कागद बदलावा लागतो. म्हणून सावल्या आधी एका तुकड्यावर करून पाहाव्यात.

एक मोह इथेच सांगून टाकतो. चित्र झालं की त्यावर भुरभुरणारा बर्फ दाखवावा असं वाटतं. पांढऱ्या पोस्टर रंगात टूथब्रश बुडवून अंगठ्यानं शिंतोडे उडवले की तो छान येतोही. पण लख्ख ऊन, धारदार सावल्या आणि भुरभुरता बर्फ सहसा एकत्र नसतात. बर्फ पडतो तेव्हा आकाश भरलेलं असतं, उजेड सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या जवळपास नसतातच. बर्फाळ प्रदेशात एक हिवाळा काढलेल्या माणसाला ही विसंगती लगेच जाणवते. आपल्या फोटोत ऊन आहे, तेव्हा भुरभुर नाही. फोटो ढगाळ दिवसाचा असता तर उलट केलं असतं. सावल्या गाळल्या असत्या, मागचा जिना फिका केला असता आणि शिंतोडे उडवले असते. तेही चेहऱ्यांवर कागदाचे कापलेले तुकडे ठेवून, कारण डोळ्यात पडलेला एक पांढरा थेंब सगळा चेहरा बिघडवतो.

चेहरे. टोपी आणि मफलरमुळे केस, कान, हनुवटी, मान हे सगळं गेलं. ओळख पटवणारा भाग म्हणजे भुवया, डोळे, नाक आणि वरचा ओठ एवढाच. घरातल्या फोटोंवरून तीन मापं घ्यावीत: दोन डोळ्यांमधलं अंतर, भुवई आणि डोळा यांच्यातली जागा, आणि नाकाच्या टोकापासून वरच्या ओठापर्यंतचं अंतर. ही तीन बरोबर आली की माणूस ओळखू येतो, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. मफलर बोटभर खाली आणि टोपी बोटभर वर सरकवण्याचं स्वातंत्र्य चित्रकारानं जरूर घ्यावं. बाबांचा गॉगल काढून टाकावा.

रंगाच्या बाबतीत फोटोवर मुळीच विसंबायचं नाही. अंधारलेल्या फोटोत सावळी त्वचा राखेसारखी निळसर-करडी दिसते. तोच रंग चित्रात आला तर माणसं आजारी वाटतात. यलो ओकर आणि बर्न्ट सिएना यांचा पातळ हात सगळ्या चेहऱ्यावर द्यायचा. मुलीसाठी ओकर जास्त, बाबांसाठी सिएना जास्त. तो ओला असतानाच नाकाच्या शेंड्यावर आणि गालांवर किरमिजी रंगाचं टोक टेकवायचं, म्हणजे तो आपोआप पसरतो. थंडीत नाक आणि गाल लाल होतात, सावळ्या चेहऱ्यावरही होतात, फक्त तो लाल विटकरीकडे झुकतो.

आणि हनुवटीखाली. आपण सवयीनं तिथे गडद सावली घालतो, कारण आपल्याकडे उजेड वरून येतो आणि खालची जमीन काळपट असते. बर्फात खालूनही उजेड येतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, टोपीच्या कडेखाली उजळ असतं. हे भाग पहिल्याच फिकट हातावर सोडायचे, फार तर किंचित निळसर करायचे. चार चेहऱ्यांच्या हनुवट्या अशा उजळल्या की माणसं खरोखर बर्फात उभी असल्यासारखी वाटू लागतात. हनुवट्यांखाली गडद तपकिरी घातला तर तीच माणसं स्टुडिओतल्या पडद्यापुढे उभी असल्यासारखी दिसतात.

मग बाळाचा पोशाख. फोटोत बाळ गडद निळ्या, अंगभर एकाच फुगीर कपड्यात आहे. चित्रात तो काळा करायचा. संक्रांतीला काळं नेसायची आपली रीत आहे आणि लहान मुलाच्या बोरनहाणाला काळ्या कपड्यांवर हलव्याचे दागिने घालतात. दागिने पार्सलमधून आले आहेत: मुकुट, हार, कडी आणि बासरी. ते घालून बाळाला उणे दहा अंशांत उभं करता येणार नाही, हातमोजे काढून बासरी धरता येणार नाही. फोटो हे करू शकत नाही. चित्र करू शकतं, आणि या कार्डाचं सगळं मोल इथेच आहे. आजीनं मंद आचेवर हलवा काट्यावर आणून, दोऱ्यात गुंफून पाठवलेला हार तिला बाळाच्या गळ्यात, बर्फाच्या मधोमध दिसणार आहे. त्यासाठी दागिन्यांचा घरात, टेबलावर ठेवून जवळून काढलेला फोटो हवा. कुठल्यातरी हलव्याचा हार काढून भागत नाही. आजी स्वतःचा हार ओळखते.

काळा रंग नळीतून सरळ घेऊ नये. तो पांढऱ्या बर्फात भोक पाडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जिवंत काळा मिळतो. कपड्याच्या प्रत्येक फुगवट्याच्या खालच्या अंगाला हा रंग थोडा पातळ आणि निळसर ठेवायचा, कारण तिथेही बर्फाचा उजेड पोचतो. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग दागिने. इथे प्रथमच पांढरा रंग लागेल, तोही अपारदर्शक, पोस्टर रंगासारखा. पांढऱ्यात ओकरचा अगदी लहानसा अंश घालायचा. प्रत्येक दाणा म्हणजे बारीक कुंचल्याच्या टोकानं ठेवलेला एक जाड ठिपका. वाळल्यावर त्याच्या खालच्या कडेला ओकर आणि निळा मिसळून केलेल्या करड्याचा आणखी बारीक ठिपका. या दुसऱ्या ठिपक्यामुळे दाण्याला गोलाई येते. तो नसेल तर पाहणाऱ्याला वाटेल, कपड्यावर बर्फ सांडला आहे. काही दाण्यांच्या कडेला सुईच्या टोकाएवढे दोन-तीन काटे काढायचे, सगळ्यांना नाही. बर्फाचा पांढरा निळ्याकडे आणि हलव्याचा पांढरा पिवळ्याकडे झुकलेला राहिला की दोन्ही पांढरे वेगळे दिसतात.

अक्षरांसाठी जागा आधीच राखलेली असते: खाली, सावल्यांच्या पुढचा कोरा बर्फ. "तिळगूळ घ्या, गोड बोला" एवढं पुरे, आणि त्याखाली मुलीच्या हातानं लिहिलेलं तिचं आणि भावाचं नाव. शुभेच्छा हातानं लिहाव्यात. तयार टाइप वापरला तर परदेशातल्या छपाईच्या दुकानात जोडाक्षरं फुटण्याची आणि वेलांट्या सरकण्याची भीती असते. लिहिताना शिरोरेघेच्या वर मात्रांना आणि खाली उकारांना अक्षराच्या निम्म्या उंचीएवढी जागा सोडावी.

शेवटी चित्र कागदावरून फोनमध्ये आणायचं, आणि इथे ती पहिली चूक परत भेटते. बराचसा कोरा असलेला हा कागद कॅमेऱ्याच्या दृष्टीनं बर्फच आहे. खिडकीजवळ ठेवून फोटो काढला तर चित्र करडं येईल. उजळता पुन्हा वाढवावी लागेल, पण बेतानं. स्कॅनरची खोड उलटी आहे. तो कागद शुभ्र करण्याच्या नादात फिकट निळे हात पुसून टाकतो. तपासायची खूण एकच. पडद्यावर चित्र मोठं करून कोऱ्या बर्फाकडे पाहायचं. कागदाचा खरखरीतपणा किंचित दिसत असेल तर ठीक. अजिबात दिसत नसेल तर फार उजळलं, आणि मूळ कागदापेक्षा स्पष्ट काळसर दिसत असेल तर फार अंधारलं.

कार्ड मिरजेतच छापून घ्यावं. फाइल पाठवली की एका दिवसात होतं आणि टपालाची काळजी राहत नाही. ए-फाइव्ह म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर. छपाईच्या रूढ दर्जासाठी इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे १७४८ गुणिले २४८० बिंदू. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त ठेवावं, मग मोजमाप १८१९ गुणिले २५५१ होतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर चित्र लहान होऊन पोचतं, त्यामुळे छपाईची प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. दुकानदाराला आधी एकच प्रत काढायला सांगावी. छापताना निळा जांभळ्याकडे सरकतो, आणि सावल्या जांभळ्या दिसल्या तर त्यातला गुलाबी थोडा कमी करून घ्यावा लागतो. कागद चकचकीत नको, बिनचकाकीचा हवा. चकचकीत कागदावर दिवाणखान्यातल्या दिव्याचा उजेड नेमका कोऱ्या बर्फावर चमकतो.

छापील प्रत दोन-तीन दिवस आधी आजोबांनी जाऊन आणायची, ती पाकीट न उघडता संक्रांतीपर्यंत ठेवायला त्यांना सांगून पाहावं. फोनवरची प्रत मात्र वेळेवर जायला हवी. हिवाळ्यात माँट्रियल भारताच्या साडेदहा तास मागे असतं. १३ जानेवारीला रात्री साडेनऊला चित्र पाठवा. मिरजेत तेव्हा १४ तारखेचे सकाळचे आठ वाजलेले असतील. ज्या वर्षी संक्रांत १५ ला येते, त्या वर्षी एक दिवस उशिरा.